डेटा तयार आहे हे कोणी सांगायचं? बसवरच्या एका रीडची गोष्ट

प्रोसेसरला मेमरीतला एक बाइट हवा आहे. तो बसवर पत्ता ठेवतो, ‘वाचायचं आहे’ असा सिग्नल देतो, आणि थोड्या वेळाने डेटाच्या तारांवर जे असेल ते उचलतो. यातला सगळा घोळ ‘थोड्या वेळाने’ या शब्दांत आहे. थोडा म्हणजे किती? लवकर उचललं तर तारांवर अजून जुनंच काहीतरी असतं किंवा अर्धवट बदललेले बिट असतात. उशिरा उचललं तर डेटा येऊन गेलेलाही असू शकतो, आणि गेला नसला तरी वेळ वाया जातो.

सिंक्रोनस आणि असिंक्रोनस बसमधला फरक या एकाच प्रश्नाच्या उत्तरात आहे. सिंक्रोनस बसवर हे क्लॉक ठरवतं: अमुक कडेला डेटा उचलला जाईल, तोपर्यंत तो तिथे ठेवणं ही मेमरीची जबाबदारी. असिंक्रोनस बसवर मेमरी स्वतः सांगते: ठेवला, घे. पाठ्यपुस्तकात ‘एकात क्लॉक असतं, दुसऱ्यात नसतं’ एवढंच वाक्य असतं. ते चूक नाही, पण ते पाठ करून टायमिंग डायग्राम वाचता येत नाही. डायग्राम वाचताना दिसणाऱ्या प्रत्येक चढ-उताराला ‘तू कोणामुळे हललास?’ असं विचारायची सवय लागते. तीच सवय या लेखात एका रीडवर दोन वेळा करून बघू.

आधी क्लॉकच्या तालावर

उदाहरण म्हणून ८०८५ हा प्रोसेसर घेतो, कारण त्याचं रीड सायकल छोटं आहे आणि त्याची डेटाशीट नेमकी आकडेमोड करू देते. ८०८५ए-२ ही त्यातली वेगवान जात, ५ मेगाहर्ट्झ क्लॉकवर चालणारी. म्हणजे क्लॉकचा एक फेरा २०० नॅनोसेकंदांचा. या एका फेऱ्याला टी-स्टेट म्हणतात. मेमरी रीडला तीन टी-स्टेट लागतात: टी-१, टी-२, टी-३.

टी-१ मध्ये पत्ता बसवर येतो. ८०८५ मध्ये पत्त्याचे खालचे आठ बिट आणि डेटा एकाच तारांवरून जातात, म्हणून एएलई हा सिग्नल उतरताना तो खालचा पत्ता बाहेरच्या लॅचमध्ये धरून ठेवावा लागतो. टी-२ च्या सुरुवातीला ‘वाचायचं आहे’ असं सांगणारा आरडी खाली जातो. हा सिग्नल खाली गेला म्हणजे ‘चालू’ असा अर्थ. टी-३ च्या मध्यावर क्लॉकची चढती कड येते आणि तिथे प्रोसेसर डेटा उचलतो. त्याच सुमाराला आरडी पुन्हा वर जातो.

आता मोजू. टी-१ च्या आरंभापासून टी-३ च्या मध्यापर्यंत अडीच टी-स्टेट होतात, म्हणजे ५०० नॅनोसेकंद. पण ते सगळे मेमरीला मिळत नाहीत. पत्ता चिपच्या पिनांवर स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि कडेच्या थोडं आधी डेटा स्थिर असावा लागतो. डेटाशीट हे दोन्ही मिळून १५० नॅनोसेकंद कापते. उरतात ३५०. पत्ता स्थिर झाल्यापासून ३५० नॅनोसेकंदांत डेटा तारांवर नसेल, तर प्रोसेसर जे काही सापडेल ते उचलेल. तो तक्रार करणार नाही, थांबणारही नाही. सिंक्रोनस पद्धतीतली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे: डेटा आला नाही हे प्रोसेसरला कळायचा मार्गच नसतो.

मेमरी म्हणून २७१६ हा ईप्रॉम घेऊ. त्याच्या साध्या जातीचा ॲक्सेस टाइम जास्तीत जास्त ४५० नॅनोसेकंद. त्यात लॅच आणि पत्ता डिकोड करणारी चिप यांचे मिळून ६० नॅनोसेकंद धरले तर झाले ५१०. हातात आहेत ३५०. जमत नाही.

हा हिशेब मी एकदा केला नव्हता, आणि त्याची शिक्षा लक्षात राहण्यासारखी होती. स्वतः जोडलेला बोर्ड ६.१४४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर महिनोन्महिने चालत होता. ८०८५ क्रिस्टलची वारंवारता निम्मी करतो, त्यामुळे टी-स्टेट सुमारे ३२५ नॅनोसेकंदांचा होता आणि मेमरीला साडेसहाशेच्या वर वेळ मिळत होता. चिप ए-२ जातीची आहे तर वेग का वाया घालवायचा, म्हणून क्रिस्टल १० मेगाहर्ट्झचं बसवलं. बोर्ड चालू झाला! मला वाटलं, झालं काम. पाच-सात मिनिटांनी प्रोग्राम भरकटला. रीसेट केला, पुन्हा भरकटला. पंख्याचा झोत बोर्डावर वळवला की बराच वेळ सुरळीत चालायचा.

कारण असं, की ४५० हा आकडा वाईटात वाईट परिस्थितीचा असतो. माझ्या हातातला ईप्रॉम थंड असताना त्याहून बराच चपळ होता, ३५० च्या मर्यादेत कसाबसा बसणारा. गरम झाला की या चिपा हळू होतात. मग आठातला एखादा बिट कडेच्या नंतर पोचायचा. ऑसिलोस्कोपवर आरडीची चढती कड आणि डेटाची एक तार एकत्र लावली तेव्हा दिसलं: तार बदलत होती ती अगदी त्या कडेला चिकटून. गरम झाल्यावर बिघडणारा आणि क्लॉक कमी केला की बरा होणारा दोष दिसला, तर आधी हीच शंका घ्यावी.

एक टी-स्टेट उसना

उपाय ८०८५ मध्येच आहे. रेडी नावाची एक पिन आहे. टी-२ च्या मध्यावर, क्लॉकच्या चढत्या कडेला, प्रोसेसर तिच्याकडे बघतो. ती वर असेल तर पुढे टी-३. खाली असेल तर टी-३ च्या ऐवजी एक जादा टी-स्टेट येतो, ज्यात काहीच बदलत नाही. पत्ता तसाच, आरडी तसाच खाली. याला वेट स्टेट म्हणतात. त्याच्या मध्यावर प्रोसेसर पुन्हा रेडीकडे बघतो, आणि असं चालू राहतं.

एक वेट स्टेट घातला की ३५० मध्ये २०० मिळवायचे: ५५०. आपली गरज ५१०. बसलं. चित्र असं:

```
        T1      T2      TW      T3
CLK    \___/‾‾‾\___/‾‾‾\___/‾‾‾\___/‾‾‾
ALE    /‾‾‾\___________________________
ADDR   X===============================
RD     ‾‾‾‾‾‾‾‾\___________________/‾‾‾
READY  ‾‾‾‾‾‾\_________/‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾
DATA   -----------------------X=====X--
                   ^       ^       ^
                   a       b       c
```

उभ्या रेषा मनात ओढून वाचा. a या क्षणी क्लॉक चढतं आणि रेडी खाली सापडतो, म्हणून पुढचा टी-स्टेट वेट होतो. b ला रेडी वर सापडतो, म्हणून पुढचा टी-३. c ला डेटा उचलला जातो. a आणि b यांच्या मधल्या काळात रेडीने काय केलं याला महत्त्व नाही. तो दहा वेळा वर-खाली झाला असता तरी प्रोसेसरने बघितलं नसतं.

आता ‘कोणामुळे?’ हा प्रश्न या चित्राला विचारा. एएलई का उतरला? क्लॉकमुळे. आरडी का खाली गेला? क्लॉकमुळे. डेटा केव्हा उचलला? क्लॉक चढलं तेव्हा. प्रोसेसरने हलवलेल्या प्रत्येक सिग्नलचं कारण वरच्या पहिल्या ओळीत सापडतं. डेटाची ओळ तेवढी मेमरीच्या हातात आहे, आणि तिच्याकडे c पर्यंत कोणी बघत नाही. कारणाचे बाण काढले तर सगळे क्लॉकच्या ओळीतून खाली येतील. सिंक्रोनस डायग्राम ओळखायची ही खूण आहे.

आणि इथेच या पद्धतीची किंमतही दिसते. ईप्रॉम बदलून ३०० नॅनोसेकंदांची चपळ मेमरी लावली असं समजा. लॅच आणि डिकोडरचे ६० धरून ३६०. बिनवेटचं सायकल देतं ३५०. फक्त १० नॅनोसेकंद कमी पडले, पण वेट स्टेट अर्धा किंवा पाव घेता येत नाही. १० साठी २०० मोजावे लागतात. ४५० ची मेमरी असो की ३०० ची, या बोर्डावर दोन्ही सारख्याच वेगाने चालतील. मेमरीवर केलेला जास्तीचा खर्च क्लॉकच्या ठोकळ्यात गडप होतो.

हा रेडी सिग्नल बहुतेक वेळा मेमरी देतच नाही, हेही सांगायला हवं. ईप्रॉमला ‘माझं झालं’ असं सांगणारी पिनच नसते. बोर्ड बनवणारा दोन फ्लिप-फ्लॉप लावून एएलईपासून मोजणी सुरू करतो आणि एक टी-स्टेट रेडी खाली धरतो. म्हणजे रेडी हा इथे मेमरीचा शब्द नाही. तिच्या वतीने कोणीतरी डेटाशीट वाचून आधीच ठरवून ठेवलेला अंदाज आहे.

आता क्लॉक काढून टाकू

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७० मध्ये पीडीपी-११ संगणक आणला, तेव्हा त्याच्यासोबत युनिबस नावाची बस आली. तिच्यावर १८ तारा पत्त्याच्या, १६ डेटाच्या, आणि क्लॉकची तार एकही नाही. प्रोसेसर, मेमरी, डिस्कचा कंट्रोलर, टर्मिनलचा इंटरफेस हे सगळे त्याच एका बसवर. मंद कोअर मेमरी आणि चपळ सेमीकंडक्टर मेमरी शेजारी-शेजारी बसवता येत होत्या, आणि त्यासाठी कुणाचाही वेग बदलावा लागत नव्हता.

हे जमतं दोन तारांमुळे. मास्टर, म्हणजे वाचायला आलेला, एमसिन ही तार हलवतो. स्लेव्ह, म्हणजे ज्याच्याकडून वाचायचं तो, एससिन ही तार हलवतो. चित्रात त्यांच्या ओळी MSYN आणि SSYN अशा आहेत. प्रत्यक्ष तारेवर खालची पातळी म्हणजे ‘चालू’, पण वाचायला सोपं जावं म्हणून चित्रात चालू वर दाखवलं आहे.

```
ADDR   --X===========================X---------
MSYN   ________/‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾\_____________
DATA   -----------------X================X-----
SSYN   ___________________/‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾\_____
         1     2          3      4       5
```

१ ला मास्टर पत्ता आणि ‘रीड’ असं सांगणाऱ्या कंट्रोलच्या तारा ठेवतो. २ ला एमसिन चालू करतो: पत्ता पक्का आहे, बघ. ज्याचा तो पत्ता आहे तो स्लेव्ह कामाला लागतो. डेटा तारांवर ठेवून ३ ला तो एससिन चालू करतो: ठेवला, घे. मास्टर डेटा उचलतो आणि ४ ला एमसिन बंद करतो: घेतला. ते बघून स्लेव्ह ५ ला डेटा काढून घेतो आणि एससिन बंद करतो: मी मोकळा. यालाच हँडशेक म्हणतात, आणि यात चार हालचाली असल्यामुळे चार टप्प्यांचा किंवा पूर्ण गुंतलेला हँडशेक.

पुन्हा तोच प्रश्न. एससिन का चालू झाला? एमसिन चालू झाला आणि डेटा तयार झाला म्हणून. एमसिन का बंद झाला? एससिन चालू झाला म्हणून. एससिन का बंद झाला? एमसिन बंद झाला म्हणून. बाण आता वरून खाली येत नाहीत, ते दोन ओळींमध्ये शिवणीच्या टाक्यासारखे इकडून तिकडे, तिकडून इकडे जातात. या डायग्रामवर खाली वेळाची पट्टी नसली तरी चालतं. कोणत्याही दोन घटनांमधलं अंतर ताणलं तरी क्रम तोच राहतो आणि व्यवहार बरोबरच राहतो.

शेवटचे दोन टप्पे विद्यार्थ्यांना नेहमी फालतू वाटतात. डेटा तर ३ नंतर मिळाला, मग ४ आणि ५ कशाला? समजा मास्टरने ५ ची वाट बघितली नाही आणि लगेच पुढचा पत्ता ठेवून एमसिन पुन्हा चालू केला. आधीच्या स्लेव्हचा एससिन अजून वरच आहे. मास्टरला वाटेल, वा, उत्तर लगेच आलं, आणि तो नव्या पत्त्यासाठी जुना डेटा उचलेल. म्हणून नियम असा की एससिन बंद दिसल्याशिवाय नवा एमसिन नाही. आणि ४ बघितल्याशिवाय स्लेव्हने डेटा काढायचा नाही, कारण मास्टरने तो उचलला की नाही हे त्याला दुसऱ्या कशावरून कळणार? चारही हालचाली गरजेच्या आहेत.

तरीही ७५ नॅनोसेकंद

असिंक्रोनस बसमध्ये वेळेचं बंधन नसतं, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते तसंच्या तसं मानू नका. युनिबसच्या नियमांत वेळा आहेत, आणि त्या का आहेत हे समजलं की हा विषय खऱ्या अर्थाने हाती येतो.

पत्ता १८ तारांवरून जातो. सगळे बिट एकाच क्षणी निघाले तरी पोचताना मागेपुढे होतात. ड्रायव्हर चिपा थोड्या वेगळ्या, तारा थोड्या वेगळ्या. या मागेपुढे होण्याला स्क्यू म्हणतात. एमसिन पत्त्यासोबतच निघाला आणि योगायोगाने त्याची तार सगळ्यात चपळ असली, तर स्लेव्हला ‘पत्ता पक्का आहे’ हा निरोप पत्त्याच्या आधी मिळेल. म्हणून मास्टरने पत्ता ठेवल्यावर १५० नॅनोसेकंद थांबायचं: ७५ स्क्यूसाठी आणि ७५ स्लेव्हला पत्ता डिकोड करण्यासाठी. उलट दिशेने डेटा आणि एससिन येतात, तिथेही तोच धोका, म्हणून एससिन दिसल्यावर मास्टर ७५ नॅनोसेकंद थांबून मगच डेटा उचलतो. एमसिन बंद केल्यावरही पत्ता निदान ७५ नॅनोसेकंद हलवायचा नाही, नाहीतर स्लेव्हला एमसिन अजून चालू दिसत असताना पत्ता बदललेला दिसेल.

मेमरीला किती वेळ लागतो हा अंदाज असिंक्रोनस बसने काढून टाकला. एका तारेपेक्षा दुसरी किती मागे पडू शकते हा अंदाज मात्र राहिलाच. फायदा इतकाच की पहिला अंदाज दर चिपेप्रमाणे बदलतो आणि तपमानावर हलतो. दुसरा बसच्या बांधणीवर ठरतो आणि एकदा ठरला की सगळ्यांना लागू पडतो.

त्याच ४५० नॅनोसेकंदांच्या मेमरीचा हिशेब इथे करू. मास्टर ते स्लेव्ह तारेतून जायला एका बाजूने ३० नॅनोसेकंद लागतात असं धरू. पत्ता ठेवला तो क्षण शून्य.

```
  0   पत्ता ठेवला
150   एमसिन चालू
180   स्लेव्हला एमसिन दिसला
630   डेटा ठेवला, एससिन चालू
660   मास्टरला एससिन दिसला
735   डेटा उचलला, एमसिन बंद
765   स्लेव्हला दिसलं, एससिन बंद
795   मास्टरला दिसलं
810   पत्ता हलवायला मोकळीक
```

डेटा ७३५ ला हातात आला. त्यातले ४५० मेमरीचे, उरलेले २८५ बसच्या रीतिरिवाजाचे. आता ३०० ची मेमरी लावा: बरोबर १५० वजा, डेटा ५८५ ला. १० नॅनोसेकंद चपळ मेमरी लावली तर १० वाचतात. क्लॉकच्या ठोकळ्यात काही गडप होत नाही.

पण हे २८५ सुटत नाहीत. मेमरी ५० नॅनोसेकंदांची असली तरी डेटा ३३५ ला मिळणार, आणि त्यातला बहुतांश वेळ स्क्यूची खबरदारी आणि तारेतल्या फेऱ्यांत जाणार. म्हणून लांब बस, वेगवेगळ्या वेगाची उपकरणं, आणि उद्या काय जोडलं जाईल हे माहीत नाही अशा ठिकाणी असिंक्रोनस पद्धत शोभते. प्रोसेसरच्या शेजारीच असलेल्या, वेग आधीपासून माहीत असलेल्या मेमरीसाठी क्लॉकच बरं. तिथे निरोपांची देवघेव मेमरीपेक्षा महाग पडते.

आणखी एक किंमत आहे, जी आकड्यांत दिसत नाही. वरच्या सिंक्रोनस चित्रात मी म्हटलं की a आणि b च्या मध्ये रेडीने काहीही केलं तरी चालतं. एमसिन आणि एससिनच्या बाबतीत असं कधीच म्हणता येत नाही. तिथे प्रत्येक चढ-उतार म्हणजे एक निरोप. तारेच्या टोकावरून परावर्तित झालेली एखादी लाट एमसिनवर क्षणभर दिसली, तरी स्लेव्ह ती खरी मानून कामाला लागू शकतो. म्हणून युनिबसच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावावे लागत. असिंक्रोनस बसवर तारांची स्वच्छता ही चैन नसून गरज असते.

कोणी उत्तरच दिलं नाही तर

प्रोसेसरने अशा पत्त्यावरून वाचायला घेतलं जिथे काहीच जोडलेलं नाही. दोन्ही पद्धती इथे अगदी वेगळ्या वागतात.

८०८५ च्या साध्या बोर्डावर रीड सुरळीत पूर्ण होतं. डेटाच्या तारा कोणी ओढत नसल्यामुळे, पुल-अप रेझिस्टर असतील तर सगळे बिट १ वाचले जातात, म्हणजे `FF`. तो डेटा म्हणून वाचला तर चुकीची किंमत मिळते, आणि आज्ञा म्हणून वाचला तर प्रकरण वेगळंच होतं: ८०८५ मध्ये `FF` म्हणजे `RST 7`, म्हणजे परतीचा पत्ता स्टॅकवर टाकून `0038H` ला उडी. तिथेही ईप्रॉम कोरा असेल तर पुन्हा `FF`, पुन्हा उडी, पुन्हा दोन बाइट स्टॅकवर. बघता-बघता स्टॅक खाली सरकत सगळी रॅम पुसून टाकतो. रॅममध्ये सगळीकडे `00 39` किंवा `39 00` अशी जोडी भरलेली दिसली, तर समजावं की प्रोसेसर कोऱ्या जागेत शिरला होता.

युनिबसवर मात्र एससिन येतच नाही आणि मास्टर वाट बघत राहतो. जगाच्या अंतापर्यंत थांबू नये म्हणून मास्टरजवळ एक टायमर असतो. काही मायक्रोसेकंदांत उत्तर आलं नाही तर तो सायकल सोडून देतो आणि पीडीपी-११ चा प्रोसेसर व्हेक्टर ४ मधून ट्रॅप घेतो. याचा फार सुंदर उपयोग व्हायचा: मशीनमध्ये मेमरी किती आहे हे शोधायचं असेल तर प्रोग्राम पत्ते वाढवत वाचत जायचा, आणि जिथे ट्रॅप आला तिथे मेमरी संपली. हँडशेकमुळे ‘नाही’ हेही एक उत्तर होतं.

दोघांच्या मधली जागा

वास्तवात फार थोडे प्रोसेसर पूर्णपणे एका बाजूला उभे असतात. १९७९ च्या मोटोरोला ६८००० ची बस असिंक्रोनस म्हणवते. तो पत्त्यासोबत ॲड्रेस स्ट्रोब देतो आणि डीटॅक या पिनवर उत्तराची वाट बघतो. पण आतला प्रोसेसर क्लॉकवरच चालतो, त्यामुळे डीटॅककडे तो ठरलेल्या कडेलाच बघतो, आणि तेव्हा तो आला नसेल तर पुढे पूर्ण एक क्लॉक थांबतो. सगळ्यात वेगवान रीड चार क्लॉकचं. ८ मेगाहर्ट्झवर ५०० नॅनोसेकंद. अनेकांनी डीटॅक सरळ ग्राउंडला जोडला. तसं केलं की प्रोसेसरला उत्तर कायम तयार दिसतं आणि बस बिनबोभाट सिंक्रोनस होते, सिंक्रोनसच्या सगळ्या धोक्यांसह.

इथे एक सूक्ष्म अडचण आहे. बाहेरून मनाला येईल तेव्हा हलणारा सिग्नल क्लॉकच्या कडेला तपासायचा, तर कधी ना कधी तो नेमका त्या कडेलाच बदलणार. तेव्हा फ्लिप-फ्लॉपला ० की १ हे ठरवता येत नाही आणि तो काही काळ मध्येच लोंबकळतो. ही मेटास्टेबल अवस्था. यात घातक गोष्ट ही की प्रोसेसरच्या आतल्या एका भागाने तो सिग्नल ‘आला’ असा वाचावा आणि दुसऱ्याने ‘नाही’ असा. ज्या प्रोसेसरमध्ये आत याची सोय नसते त्याच्यासाठी बाहेर एकामागे एक दोन फ्लिप-फ्लॉप लावतात: पहिला लोंबकळला तरी त्याला स्थिरावायला एक पूर्ण क्लॉक मिळतो, आणि दुसऱ्यापर्यंत साधारणपणे निर्णय पोचलेला असतो. शक्यता शून्य होत नाही, इतकी कमी होते की चालून जावं. त्या बदल्यात उत्तर एक ते दोन क्लॉक उशिरा दिसतं. असिंक्रोनस बसने वाचवलेले नॅनोसेकंद अनेकदा याच दारावर परत द्यावे लागतात.

आजच्या चिपांच्या आत एएक्सआयसारख्या बस आहेत, त्यांत क्लॉकही आहे आणि हँडशेकही. पाठवणारा व्हॅलिड वर करतो, घेणारा रेडी वर करतो, आणि ज्या चढत्या कडेला दोन्ही वर असतील तिथे देवघेव झाली. पाठवणाऱ्याने व्हॅलिड देण्याआधी रेडीची वाट बघायची नाही असा तिथे नियम आहे. नाहीतर एक ‘आधी तू’ म्हणत थांबतो, दुसराही तेच म्हणतो, आणि दोन्ही सिग्नल कायमचे खाली.

अशी अडकलेली बस समोर आली की लॉजिक ॲनालायझर लावून मी आधी शेवटची स्थिती बघतो, कारण हँडशेकची बस कुठे थांबली यावरूनच कोणी थांबवली ते कळतं. एमसिन चालू आणि एससिन बंद असेल तर चेंडू स्लेव्हकडे आहे: एकतर पत्ता कोणाचाच नाही, किंवा ज्याचा आहे तो कामात अडकला. दोन्ही चालू असतील तर स्लेव्हने आपलं काम केलंय. मास्टरला एससिन दिसत नाहीये, तार किंवा रिसीव्हर तपासा. एमसिन बंद आणि एससिन चालू राहिला असेल तर कोणीतरी स्लेव्ह तार सोडत नाही. मग कार्ड एकेक करून काढायचं, आणि ज्या कार्डासोबत एससिन सुटेल ते हातात घेऊन बसायचं.